ओळखलंस का?

शाळेच्या स्नेहसंमेलनात हा प्रश्न विचारणाऱ्याला निदान पाच रुपये दंड ठेवावा, असं माझं मत आहे. जेवणाचा खर्च निघेल.

समजा, दादरच्या एखाद्या हॉलच्या दारातच एक टक्कल आणि पोट तुमच्या दिशेने हात पसरून येतंय. तुमच्याही डोळ्यांत ओळख आहे, फक्त कोणाची ते ठरलेलं नाही. यात स्मरणशक्तीला नावं ठेवू नका. 1975 साली अमेरिकेत शाळासोबत्यांवर झालेल्या एका अभ्यासात तीस-पस्तीस वर्षांनंतरही लोकांनी वर्गातले चेहरे नव्वद टक्क्यांच्या आसपास अचूक ओळखले होते. पण त्यांना दाखवले होते ते शाळेतलेच जुने फोटो! आपल्या डोक्यातही केसांसकट जुना फोटोच आहे. टकलाची आवृत्ती आपल्याला कोणी पाठवलेलीच नाही.

म्हणून दाराजवळच्या टेबलावर दहावीचा वर्गफोटो मोठा करून ठेवायचा. "यात तू कुठेस रे?" असं विचारलं की माणूस स्वतःच स्वतःवर बोट ठेवतो आणि विचारणाऱ्याची अब्रू वाचते.

छातीवरचे बिल्ले असतात, पण संयोजक त्यावर ठसठशीत 'संजय' लिहितात. अहो, मुलांना वर्गात पहिल्या नावाने हाक कोण मारायचं? तिथे होते सावंत, परब आणि दोन पाटील. तेव्हा मोठ्या अक्षरांत आडनाव, खाली तुकडी. मुलींच्या बिल्ल्यावर माहेरचं आडनाव हवंच, नाहीतर शेजारच्या बाकावरची 'गोखले' आज 'देशमुख' म्हणून समोरून निघून जाते. बिल्ला उजव्या छातीवर टाचावा, हात मिळवताना नजर तिथेच जाते. गळ्यातल्या दोरीचा बिल्ला हमखास उलटा फिरतो, शिवाय वाचण्यासाठी पोटाकडे टक लावावी लागते. या वयात ते कोणालाच आवडत नाही.

बिल्ला, फोटो काहीच नसेल तर नोकरी, मुलं, गुडघे हे विषय टाळा. त्यातून माणूस कळतो, वर्गमित्र कळत नाही. "शाळा सुटल्यावर तू प्लाझाकडे जायचास की पोर्तुगीज चर्चकडे?" हे विचारा. उत्तरातून चाळ निघते, चाळीतून गॅलरी, गॅलरीतून आडनाव. तिसऱ्याला ओढून "तुमची ओळख आहे ना?" म्हणण्याची युक्ती मात्र जपून करा. तिसराही त्याच आशेने तुमच्याकडे बघत असतो.

सगळंच फसलं तर निघताना फोन त्याच्या हातात द्यायचा, "नंबर तूच सेव्ह कर." तोही खुशीत टाइप करतो. घरी येऊन बघावं तर लिहिलेलं असतं, 'बाळ्या शाळा'.