P0171 म्हणजे सेन्सर गेला असं कुठं लिहिलंय?

"मग आता फ्युएल पंप असेल, साहेब."

बॉनेट उघडलं नाही, गाडी चालू करायला लावली नाही, खुर्चीतून उठलासुद्धा नाही. शनिवारी भर दुपारी, सोलापूरच्या त्या बेचाळीस डिग्रीत, मी चेक इंजिनचा लाईट पेटलेली गाडी घेऊन परत त्याच्या गॅरेजच्या दारात उभा. चारच दिवसांपूर्वी याच माणसानं माझ्याकडून ऑक्सिजन सेन्सरचे पाच हजार सहाशे घेतले होते. आता पंप! आणि पंप बदलूनही लाईट लागला तर? "मग इंजेक्टर बघू." बघू म्हणजे काय? तुझ्या अंदाजाचे पैसे मी भरायचे?

मंगळवारी लाईट लागला तेव्हा मी घरीच स्कॅनर लावला होता. तोच सगळ्यांकडे असतो तो निळा ब्लूटूथचा डबा, साडेसहाशे रुपयांचा, स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खोचायचा. मोबाईलवर आलं: P0171, System Too Lean, Bank 1. नीट वाचा ते. हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, एवढंच त्यात म्हटलंय. का कमी पडतंय, याबद्दल एक अक्षर नाही. अंगात ताप आहे हे थर्मामीटर सांगतो; टायफॉइड की मलेरिया, ते त्याला विचारून उपयोग नाही. तरी गॅरेजमध्ये कोड ऐकल्या ऐकल्या उत्तर तयार: "बँक वन ना? सेन्सर गेला."

अहो, सेन्सर गेला असता तर त्याचे स्वतःचे कोड आहेत! P0130 पासून P0135 पर्यंत सगळी त्याचीच वस्ती: सर्किट बिघडलं, व्होल्टेज कमी, व्होल्टेज जास्त, सेन्सर सुस्त झाला, गप्प बसला, हीटर गेला. यातला एकही कोड माझ्या गाडीत नव्हता. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त उरतोय, हे ज्यानं इमानदारीत कळवलं त्यालाच आपण काढून फेकलं. सेन्सर कधीच खोटं बोलत नाही असं मी म्हणत नाही. त्याच्या अलीकडे एक्झॉस्ट फुटला असेल तर बाहेरची हवा ओढली जाते आणि तो फसतो. पण ते आधी तपासायचं असतं की नाही?

आणि पुरावा म्हणून त्यानं दाखवलं काय, तर ग्राफ. "बघा साहेब, रेघ हलतच नाही, सेन्सर मेलाय." त्याच्याकडेही माझ्यासारखाच स्वस्तातला डबा. स्क्रीनवर एकदम सहा मीटर उघडलेले: आरपीएम, स्पीड, टेंपरेचर आणि काय काय. हे डबे एका वेळी एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. सहा गोष्टी मागितल्या की प्रत्येकीचा नंबर सावकाश लागतो, आणि तेवढ्यात सेन्सर दोनदा वर-खाली होऊन गेलेला असतो. बाकी सगळं बंद करून फक्त सेन्सरचं व्होल्टेज लावलं असतं, तर ०.१ ते ०.८ च्या मध्ये नाचणारी रेघ तिथंच दिसली असती. मंद होता तो डबा, आणि मेला म्हणे सेन्सर. मलाही त्या क्षणी हे सुचलं नाही, मी मान डोलावली, याचा मला अजून संताप येतो.

पण त्याहून मोठा गुन्हा त्यानं त्याच्या आधी केला होता. गाडी आत घेतली आणि पहिल्या मिनिटात कोड उडवला. "आधी क्लिअर करून बघू." कशाला? कोड लागतो त्या क्षणाची नोंद गाडी जपून ठेवते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तेव्हा स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन गरम होतं की गार, पेट्रोल किती वाढवलं-कापलं जात होतं, सगळं त्यात असतं. पंचनामा आहे तो! क्लिअर दाबलं की कोडबरोबर तोही गेला, आणि गाडीनं इतके दिवस शिकलेला हिशोबही शून्यावर आला. चोरी झालेल्या घरात पोलिसांच्या आधी जाऊन फरशी पुसायची, तसलं हे. आणि या ॲपवाल्यांनी ते बटण एवढं मोठं कशाला ठेवलंय? फ्रीझ फ्रेम शोधायला तीन मेनू उकरा आणि क्लिअर मात्र अंगठ्याखाली.

क्लिअर केल्यावर लाईट गेला म्हणून "झालं साहेब, ओके" म्हणायचं, हेही एक. लाईट जाणारच! हा कोड पक्का व्हायला गाडीला तोच दोष साधारण दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसावा लागतो. तोवर तो पेंडिंगमध्ये बसतो, लाईट पेटत नाही. मंगळवारी संध्याकाळी लाईट गेला, शुक्रवारी सकाळी सात रस्त्याच्या सिग्नलला परत लागला. दुरुस्ती झालीच नव्हती, फक्त कोड पुसला होता.

शेजारचे एक काका येऊन म्हणाले, "अरे हे सगळं ई-२० मुळं." आमच्या मेहुण्यांनीही ग्रुपवर तेच टाकलं, आणि बारा जणांनी अंगठे दिले. इथेनॉल जास्त असलं की इंजिनला पेट्रोल जरा जास्त सोडावं लागतं, हे खरं आहे. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेल्यावर फरक साधारण चार टक्क्यांचा पडतो. पण पेट्रोल सिग्नलला उभं असताना एक आणि हायवेला दुसरं असं नसतं. तो फरक गाडी उभी असो की पळत असो, सारखाच दिसला पाहिजे. माझ्या गाडीत तसा दिसत होता का? कुणी बघितलं? मी बघितलं, शनिवारी रात्री, पार्किंगमध्ये, घामानं भिजून.

यावेळी कोडला हात लावला नाही. आधी फ्रीझ फ्रेम उघडली: स्पीड शून्य, आरपीएम ७४०, इंजिन ९१ डिग्री. म्हणजे गाडी गरम, उभी, आयडलवर. तिथंच माझं डोकं ठिकाणावर आलं. मग दोनच मीटर लावले, STFT आणि LTFT. पहिला म्हणजे आत्ता, या क्षणी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती वाढवतोय किंवा कापतोय. दुसरा म्हणजे सवयीनं किती वाढवून ठेवलंय. चांगल्या गाडीत दोन्ही शून्याच्या आसपास, चार-पाच टक्के इकडं-तिकडं. माझ्या गाडीत आयडलला LTFT +१८ आणि STFT +७. बेरीज पंचवीस. साधारण वीस-पंचवीसच्या घरात ही बेरीज गेली की ईसीयू हात वर करतो आणि P0171 टाकतो, गाडीगणिक थोडं पुढंमागं.

मग ॲक्सिलरेटर दाबून २५०० वर धरला. बेरीज उतरत उतरत +५ वर आली. सोडला, परत पंचवीस.

झालं! एवढंच बघायचं होतं, दोन मिनिटांचं काम. पंप दमला असता किंवा फिल्टर चोंदला असता, तर उलट झालं असतं: आयडलला भागलं असतं आणि इंजिनानं जास्त मागितल्यावर कमी पडलं असतं. आयडललाच कमी आणि रेस केल्यावर बरं, याचा अर्थ थ्रॉटलच्या पुढं कुठून तरी चोरून हवा शिरतेय. भोक तेवढंच असतं. आयडलला इंजिन हवा घोटाघोटानं पितं, तिथं त्या भोकाची हवा भारी पडते. रेस केल्यावर बादलीनं ओढतं, तिथं ती कुठल्या कुठं जाते. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यापाशी हवा मोजणारा MAF आहे, त्याच्यामागून शिरलेली हवा त्याला दिसतच नाही. बऱ्याच लहान गाड्यांत MAF नसतो, MAP असतो. तो मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा, दाब बघून हवेचा अंदाज करतो, त्यामुळं तिथं असली गळती बहुतेक कोडऐवजी चढलेल्या आयडलमध्ये दिसते. म्हणजे तोच दोष दुसऱ्या गाडीत P0171 देईलच असं नाही. आणि ग्रुपवर लोक एकमेकांना "माझ्या गाडीत सेन्सर बदलल्यावर गेला" असं बिनधास्त सांगत असतात.

रविवारी सकाळी अक्कलकोट रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. स्कॅनर त्यांच्याकडे नाही. मी आकडे सांगायला लागलो तर म्हणाले, "गाडी चालू ठेव आन् गप्प उभा राहा." वाकून मॅनिफोल्डच्या मागं कान लावला, पंख्याचा बेल्ट सांभाळत हात आत घातला. "ये, ऐक." बारीक सूं-सूं आवाज, कुकरची शिट्टी नीट बसली नाही की येतो तसा. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा, रबरी होज, मॅनिफोल्डला जोडायच्या आधी जिथं वळतो तिथं खालच्या बाजूनं फाटलेला. वरून अगदी धड दिसत होता. आतून तेलानं फुगलेला, बाहेरून बॉनेटखालच्या उष्णतेनं तडकलेला. बोटभर चीर.

चाचांनी चिरेवर अंगठा दाबला. इंजिनचा आवाज लगेच बदलला, आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर STFT +७ वरून सरळ उणे पंधरावर आला. ईसीयूनं सवयीनं अठरा टक्के जास्त सोडलेलं पेट्रोल आता नको झालं होतं, म्हणून तो धडाधड कापायला लागला. अंगठा काढला, परत वर.

होज दोनशे ऐंशी रुपयांचा. मजुरी शंभर, तीही मी बळेच दिली. कोड त्यांनी उडवायला लावला नाही. "चालव, आपोआप जाईल." लागोपाठ तीन फेऱ्या दोष दिसला नाही की लाईट स्वतःहून विझतो. बुधवारी सकाळी विझला. LTFT तेव्हा +३ वर होता.

काल मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. भांडायला नाही, फक्त माझा जुना सेन्सर परत मागायला. माझ्या गाडीचा, माझ्या पैशाचा, चांगला चालणारा सेन्सर.

"भंगारात गेला, साहेब. जुनं कोण ठेवतं?"