सीपीमधे मेंदू "सुकत जातो" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदू हळूहळू सुकत जातो. आमच्या ओळखीतला मुलगा पाच वर्षांचा असताना वॉकर धरून चालायचा, आता बारा वर्षांचा झाला तर व्हीलचेअरवर आहे. पाच वर्षांनंतर फिजिओथेरपी म्हणजे पैसे पाण्यात. आणि हे होतं डिलिव्हरीला डॉक्टरने उशीर केला म्हणूनच. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हा मेसेज मला पेशंटच्या आयांनीच पाठवलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मेंदूचं बघू. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे सीपीत, मेंदूला इजा होते ती पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एकदोन वर्षांत, आणि ती एकदा होऊन थांबते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांची गोष्ट साधारण अशी असते: बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं, वजन सव्वा किलो, महिनाभर काचेच्या पेटीत. या वयात मेंदूच्या आत जे पाण्याचे कप्पे असतात त्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो, रक्तपुरवठा थोडा कमी झाला किंवा इन्फेक्शन झालं की तिथल्या पेशी मरतात. आणि पायांकडे जाणाऱ्या तारा नेमक्या त्या कप्प्यांना सगळ्यात चिकटून जातात, हाताच्या त्यांच्या बाहेरून आणि तोंडाच्या आणखी बाहेरून. म्हणून या मुलांचे पाय कडक असतात पण हात बरेच चालतात आणि बोलणं कित्येकदा एकदम स्वच्छ असतं. एमआरआयच्या रिपोर्टमधे ग्लायोसिस वगैरे लिहिलेलं वाचून घरचे घाबरतात, पण तो भरलेल्या जखमेचा वण आहे. दहा वर्षांनी परत एमआरआय काढला तरी तो तिथेच आणि तेवढाच दिसणार.

मग तो मुलगा व्हीलचेअरवर का आला? हा प्रश्न खरा आहे, मेसेजमधलं निरीक्षण खोटं नाहीये, कारण चुकीचं लावलंय. जे बिघडतं ते मेंदूच्या खाली बिघडतं, स्नायूत आणि सांध्यात. हाड आपलं आपलं वाढत राहतं, स्नायूला वाढायला मात्र दिवसभर ताणलं जावं लागतं, धावणं उड्या मारणं वगैरे, आणि कडक स्नायू तसा ताणलाच जात नाही. मूल उंच झालं की पॅन्ट आखूड होते, कापड आटलेलं नसतं, तसंच हे.

असाच एक मुलगा घ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). चार वर्षांचा असताना वॉकर धरून चवड्यांवर चालायचा, टाच टेकायचीच नाही. सातव्या वर्षी कुणीतरी टाचांना पोटरीशी जोडणाऱ्या दोन्ही पायांच्या कंडरा ऑपरेशन करून लांब केल्या, आणि टाच टेकली म्हणून घरी पेढे वाटले. पण मांडीमागचे स्नायू आखूडच होते, त्याकडे कुणी बघितलं नाही. त्यात पोटरी जास्त सैल झाली. उभं राहताना नडगी पुढे कोसळू नये म्हणून पोटरीच तिला मागे धरते, ती सैल झाल्यावर गुडघे वाकायला लागले. अकराव्या वर्षी वर्षभरात भराभर उंची वाढली, वजन वाढलं आणि हा आता सतत अर्ध्या बैठकीत चालतो. तसं उभं राहून बघा दोन मिनिटं, मांड्या भरून येतील. पाठीवर झोपवून गुडघा हाताने दाबला तरी 20 अंश सरळ व्हायचा बाकीच होता. थकायचा म्हणून घराबाहेर व्हीलचेअर घेतली, आणि खुर्चीत बसून बसून गुडघे अजून आखडले.

आता मेंदू सुकत असता तर फक्त पायच कसे बिघडले असते? याचे हात बघितले, शर्टाची बटणं पाचव्या वर्षी लागत नव्हती ती आता स्वतः लावतो, अक्षर सुधारलंय, गणितं सोडवतो, मोबाईलवर माझ्यापेक्षा जोरात टाइप करतो. घरच्यांनी मूल "मागे गेलं" म्हटलं की मी पहिलं हेच तपासते, हातातली आणि डोक्यातली जुनी कामं अजून जमतात का, आणि सांधे हाताने हलवून कुठे अडतात का. कामं जमतायत आणि सांधे अडतायत, तर बिघाड मेंदूत नाही, खाली आहे. आणि खाली आहे म्हणजे त्यावर काहीतरी करता येतं, स्प्लिंट, प्लास्टर, कडक स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन (त्याचा असर तीनचार महिनेच टिकतो हे आधी सांगून ठेवते), नाहीतर सगळे सांधे एकत्र बघून ऑपरेशन.

पाच वर्षांची गोष्ट कुठून आली तेही सांगते. कॅनडात 657 सीपी मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून 2002 साली आलेख छापले होते, त्यात दिसलं की मूल हालचालीत जेवढं मिळवणार असतं त्यातलं साधारण 90 टक्के पाच वर्षांच्या आत मिळवतं, जास्त गंभीर मुलं तर तिसऱ्या वर्षाच्या आसपासच. लोकांनी त्याचा अर्थ लावला की दुकान बंद. पण त्याच मुलांचा पुढे मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला तेव्हा जी मुलं वॉकरवर किंवा खुर्चीवर होती ती वयात येताना मिळवलेल्यातलं थोडं गमावताना दिसली, आणि जी बिनआधाराची चालत होती ती सरासरीने टिकून राहिली. म्हणजे पाचनंतरचं काम मुख्यतः मिळवलेलं राखण्याचं असतं. "आज काय नवीन शिकवलं" असं दर आठवड्याला विचारणाऱ्या आजोबांना हे पटवणं अवघड जातं, मान्य आहे.

यात सगळ्यात दुर्लक्षित खुबा. जी मुलं चालत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू वाटीतून सरकतो आणि बराच काळ दुखतही नाही. चांगलं चालणाऱ्यांत हे जवळपास होत नाही, सगळ्यात गंभीर गटात मात्र दहातल्या नऊ मुलांत दिसतं. एक्सरेवर मांडीच्या हाडाचं डोकं वाटीतून 30 टक्क्यांपेक्षा जास्त बाहेर दिसलं की सावध व्हायचं. स्वीडनमधे 1994 पासून ठरलेल्या वेळी एक्सरे काढून लक्ष ठेवतात आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं फार कमी झालंय. आपल्याकडे बहुतेक वेळा पाय फाकवून लंगोट बदलता येत नाही अशी आई तक्रार करते तेव्हा पहिला एक्सरे निघतो.

डॉक्टरच्या उशिराचं थोडक्यात. 1861 मधे लंडनच्या डॉक्टर विल्यम लिटलने बाळंतपणाच्या अडचणीशी याचा संबंध जोडला, आणि 1897 मधे चक्क मनोविश्लेषणवाल्या सिग्मंड फ्रॉइडने (हो, तोच) शंका काढली की अडचणीचं बाळंतपण हेच कदाचित आधीच्या बिघाडाचं लक्षण असेल. आज श्रीमंत देशांत जन्मताना गुदमरल्यामुळे होणारी सीपी साधारण दहात एक धरतात. आपल्याकडे गुदमरणं आणि जन्मानंतरची जोराची कावीळ यांचा वाटा जास्त आहे, त्यामुळे कधीच चूक नसते असं मी म्हणणार नाही. पण वरच्या मुलासारख्या तिसाव्या आठवड्याच्या बाळात "सिझर लवकर केलं असतं तर" हे बहुतेकदा लागूच पडत नाही.

शेवटी एक अपवाद, तो गंभीर आहे. मूल आधी येत असलेलं बोलणं किंवा हाताचं काम खरोखर विसरत असेल, जन्माची काहीच हिस्ट्री नसेल, एमआरआय नॉर्मल असेल, तर त्यावर लागलेलं सीपीचं लेबलच तपासायला हवं. सकाळी बरं चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे होतात, झोपून उठलं की परत बरं, असं असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना हे वेळेसकट सांगा आणि जमलं तर सकाळसंध्याकाळचा व्हिडिओ दाखवा. डोपा दिल्यावर सुधारणारा डिस्टोनिया नावाचा एक दुर्मिळ आजार असाच दिसतो, कित्येक वर्षं सीपी समजला जातो, आणि लेवोडोपा या औषधाच्या छोट्या डोसवर मूल काही दिवसांत नीट चालायला लागू शकतं.