येयात, पण कळवू नका

शेजाऱ्यांना गणपतीला या म्हणायचं, यात लिहिण्यासारखं काय आहे असं मलाही वाटायचं. मग 2024 ची चवथ आली.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, नोकरीमुळे पर्वरीला फ्लॅटमध्ये. आमचा गणपती पाच दिवसांचा आणि इथेच हॉलमध्ये बसतो. गोव्यात चवथीला खरं म्हणजे बोलावणं लागतच नाही, गावाकडे लोक वाड्यावरच्या घराघरात जातात, गणपती बघतात, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीला कुठली फळं, काय काय बांधलंय ते बघतात आणि पुढच्या घरात. पण बिल्डिंगचं वेगळं असतं हो. दारं बंद, त्यात निम्मी मंडळी चवथीच्या आदल्या दिवशी कुलूप लावून मूळ घरी जातात, आणि मागे राहिलेल्यांना समोरच्या दारात न बोलावता शिरायचा संकोच वाटतो. म्हणून मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, "सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार यायचंच आहे, कारणं चालणार नाहीत! शनिवारी संध्या. 7 ला आरती व नंतर प्रसादाचे जेवण. वाट बघतोय." खाली हात जोडलेले, मोजून सात.

मला वाटलं किती प्रेमळ झालंय.

पहिला फटका तासाभरात. बी विंगचे काका जिन्यात उभे, आत या म्हटलं तर उंबऱ्याला पायसुद्धा लावेनात. त्यांचे सख्खे भाऊ जाऊन सहाच दिवस झाले होते, घरात सुतक, आणि हा माणूस मला सांगायला आला होता की येता येणार नाही, राग मानू नका. माझा! कारणं चालणार नाहीत असं मी लिहिलं होतं ना, मग ते बिचारे कारण घेऊन आले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गडप झालो असतो तर खालच्यांच्या किचनमध्ये निघालो असतो.

दुसरा फटका सात वाजता. वेळ एकच दिलेली, त्यामुळे सगळे एकदमच आले. त्यात शेजारच्या बिल्डिंगमधली पोरं घुमट आणि शामेळ घेऊन हजर, आणि इथल्या आरत्या म्हणजे आपल्यासारख्या दहा मिनिटांत मंत्रपुष्पांजली नव्हे, एकदा सूर लागला की तास आरामात जातो. तळमजल्यावर राहणारी नर्स, तिची आठची नाईट ड्युटी, ती दोन मिनिटं दर्शन घेऊन पळणार होती पण गर्दीत ढकलली जाऊन बाल्कनीत पोचली. तिच्या आणि दाराच्या मध्ये चाळीसेक गाणारी माणसं. ती घड्याळ बघतेय आणि आमचं आपलं चाललंय जय देव जय देव.

तिसरा फटका मोदकांचा, आणि खरं सांगू का, सगळ्या आग्रहाचं मूळ मोदकात आहे. उकडीचा मोदक गरम खायचा असतो, म्हणून किती माणसं ते आधी कळावं लागतं, म्हणून आपण विचारतो येताय ना नक्की, कितीजण, आणि तिथून आमंत्रणाची हजेरी होते. कुणीतरी ग्रुपवर चक्क पोल टाकला, येणार, नाही येणार, बघतो. "बघतो"ला सगळ्यात जास्त मतं पडली. बघतोला मोदक किती धरायचे? बायकोने सगळ्यांना धरून केले, जेवायला थांबले सहाजण, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पारी तडकून दगड झाली.

म्हणून 2025 ला मी आधी बसून मजकूर केला. पहिला मसुदा, "जमल्यास यावे." बायको म्हणाली, हे तलाठ्याच्या नोटिशीसारखं वाटतंय. "इच्छुकांनी लाभ घ्यावा"वर ती बोललीच नाही, नुसतं बघितलं. "न आल्यास नेवऱ्या घरपोच पाठवू" मला फार आवडलं होतं, तर म्हणे, अहो हा तर न येण्याचा दंड झाला, माणसं नेवऱ्यांच्या भीतीने येतील. शेवटी हे गेलं:

"गणपती बुधवार 27 ते रविवार 31 ऑगस्ट आमच्याकडे आहे. सकाळी 10 ते रात्री 10 दार उघडंच असतं, बेल वाजवू नका, सरळ आत या. रविवारी चारला निघतो. आरती साडेसातला, ती लांबते, घाई असेल तर ती वेळ सोडून या. काही आणू नका. येणार की नाही ते कळवू नका."

यात "नक्की" नाही, "वाट बघतोय" नाही. पाच दिवसांच्या तारखा मुद्दाम घातल्या, कारण गावच्या घरी दीड दिवसाचा गणपती असलेले गुरुवारी विसर्जन करून शुक्रवारपासून परत येतात, त्यांना वाटायला नको की आपलं राहिलं. आणि कळवू नका हे सुतकवाल्या घरासाठी. कुणालाच कळवायचं नाही म्हटलं की न येणाऱ्याला कारण काढावं लागत नाही. मोदक फक्त नैवेद्याचे एकवीस. येणाऱ्यांना नेवरी, ती तळलेली, डब्यात चार दिवस गुण्यागोविंदाने राहते, पाहुणा पाच वाजता येवो की पावणेदहाला.

एवढं करून माझ्या लक्षात आलं की समोरच्या आंटी देवनागरी वाचतच नाहीत, त्यांची कोंकणी रोमी लिपीत. म्हणजे गेल्या वर्षीचा "यायचंच आहे" त्यांनी वाचलाही नव्हता, तरी आल्या होत्या! मग स्वतः गेलो. त्या बाल्कनीत निळ्या नायलॉनच्या दोरीने वेल बांधत होत्या. माझ्या मोडक्या कोंकणीत म्हटलं, "आंटी, आमगेर गणपती, केन्नाय येयात, कांय हाडूं नाकात." त्या गाठ मारता मारता म्हणाल्या, "पळयतां."

बघते. घ्या, पोलमधलं तिसरं उत्तर. पण या वेळी मोजायचं काही नव्हतं म्हणून मीही बरं म्हणून आलो.

पाच दिवस माणसं झिरपत राहिली. एका वेळी दोघं, तिघं. नर्स सकाळी ड्युटीवरून येताना, चपला हातात घेऊनच, दोन मिनिटांत नमस्कार करून गेली. काका आले नाहीत, का ते कळलं नाही, लिफ्टमध्ये भेटले तेव्हा आम्ही पावसावर बोललो. आंटी मात्र दिसल्याच नाहीत.

रविवारी जेवण करून मी दिवाणावर आडवा झालो, बनियनवर, दार उघडं. उठलो तर तीन वाजलेले. बायको स्टूलकडे बघत उभी. स्टूल किचनमधलं, ते माटोळीखाली आलं होतं. आमची माटोळी तशी लंगडीच, सुपारीचं शिंपूट, चार कवंडळं, आंबाडे, एक चिबूड, बाजारात मिळेल ते. डावीकडचा कोपरा पाच दिवस रिकामा होता.

"अहो, ही काकडी कुणी बांधली?"

हातभर लांब पिवळं धमक तवशें, निळ्या नायलॉनच्या दोरीने. नेवऱ्यांच्या डब्याचं झाकण जरा तिरकं लागलेलं.