रिपीट रेट नव्हे, आधी रिपीट डिले बघा

“टाइप करताना एकाच अक्षराची रांग लागते? कीबोर्डचा रिपीट रेट अगदी कमी करा, त्रास संपला. हात थरथरत असेल तरी हाच उपाय, बाकी काही लागत नाही.”

त्रास संपत नाही, कारण रांग सुरू कधी व्हायची हे रेटच्या हातात नसतं. बटण दाबलं की पहिलं अक्षर लगेच उमटतं आणि मग थोडा वेळ काहीच होत नाही. हा थांबा म्हणजे डिले. तो संपेपर्यंत बोट उचललं नाही, तरच अक्षरं पुन्हा येऊ लागतात, आणि ती किती भराभर यावीत एवढंच रेट ठरवतो.

आकडे घालून बघू. विंडोजमध्ये डिले साधारण 250 मिलिसेकंदांपासून 1 सेकंदापर्यंत नेता येतो आणि रेट सेकंदाला अडीच ते तीस अक्षरं असा. समजा तुमचं बोट बटणावर 700 मिलिसेकंद राहतं. डिले सर्वांत कमी आणि रेट सर्वांत जास्त असेल, तर पंधराएक अक्षरं उमटतात. फक्त रेट तळाला नेला तरी तीन उमटतातच, म्हणजे दोन खोडायची आलीच. उलट, रेटला हात न लावता डिले 1 सेकंद केला, तर एकच अक्षर येतं. शिवाय रेट तळाला नेला की बॅकस्पेसही रांगतो: बटण दाबून धरून वीस अक्षरं खोडायला आठेक सेकंद जातात. म्हणून Win+R दाबून हे चालवा, Repeat delay ची पट्टी Long कडे न्या आणि रेट मधोमध ठेवा:

```
control keyboard
```

आता थरथरीबद्दल. इथे हा सल्ला लोकांना नाहक दमवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. पार्किन्सनमधला कंप सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होतो. त्यात बोट बटणावर टिकून न राहता उचललं जाऊन पुन्हा आपटलं, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी दाबणी असतात. डिले आणि रेट यांचा त्यांच्याशी संबंधच येत नाही. ओळखायचं असं: डिले सर्वांत लांब करून एक परिच्छेद टाइप करा. तरीही ‘कक’, ‘मम’ अशा जोड्या येत असतील, तर ही आपटणीच आहे.

त्यावर विंडोजच्या Filter Keys या सोयीतलं Bounce Keys चालू करा. त्याच बटणाची ठरावीक वेळेच्या आतली दुसरी दाबणी ते सोडून देतं. सुरुवात अर्ध्या सेकंदाने करा. इनस्क्रिप्टमध्ये ‘क्क’ लिहिताना मध्ये हलंताचं बटण येत असल्याने अडत नाही, पण रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांना ‘aa’, ‘ee’ साठी क्षणभर थांबावं लागतं.

बोट शेजारच्या बटणाला घासत असेल, तर मात्र Bounce Keys चा उपयोग नाही. तिथे Slow Keys लागतं, म्हणजे बटण ठरावीक वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटतच नाही. विंडोजमध्ये ही दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत, तेव्हा ज्याने जास्त चुका होतात त्याचा बंदोबस्त आधी करा.