वर्षअखेरीस पाळणा हलणार

मेसेज पाच वाक्यांचा होता. तो लिहायला आम्हा दोघांना चार संध्याकाळी लागल्या आणि शकूआत्यांनी तो सहा मिनिटांत सोडवला. पुरवणीतलं शब्दकोडं सोडवतात तसा, चहा निवायच्या आत.

नवऱ्याकडच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्रेसष्ट माणसं आहेत. त्यांतल्या निम्म्यांना मी लग्नात वाकून नमस्कार केला आणि उरलेल्यांना वाकल्यामुळे पाहिलंच नाही. या सगळ्यांना गोड बातमी द्यायची होती. आनंद पोचला पाहिजे, तपशील पोचता कामा नये. तारीख, महिना, हॉस्पिटल, बाळंतपण माहेरी की सासरी यातलं काहीही नाही.

निखिलचं म्हणणं, सोनोग्राफीचा फोटो टाकू, शब्दच नकोत. तो फोटो तुम्ही कधी नीट वाचलाय? डाव्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव आणि वय. वर सेंटरचं नाव, तारीख, वेळ. खाली गर्भ किती आठवडे किती दिवसांचा, डोक्यापासून बुडापर्यंत किती मिलिमीटर, आणि अपेक्षित प्रसूतीची तारीख. आधारकार्डावरसुद्धा माझ्याबद्दल इतकं छापलेलं नाही. मग निखिलने चारी बाजूंनी कात्री चालवली. उरलं ते बंगालच्या उपसागरावरच्या कमी दाबाच्या पट्ट्यासारखं दिसत होतं. तो रद्द. त्याऐवजी आमच्या दोन चपलांच्या जोडांमध्ये एक इवलासा बूट ठेवून फोटो काढला. बूट निळा होता, कारण शेजारच्या बाळाचा तोच एक मोकळा होता. हे पुढे महागात पडलं.

अंतिम मजकूर असा: “नमस्कार! आमच्याकडे गोड बातमी आहे. वर्षअखेरीस घरात पाळणा हलणार. तब्येत छान आहे. सगळ्यांचे आशीर्वाद असू द्या, बाकी भेटीत बोलू.”

पाच वाक्यांत तीन भोकं. “तब्येत छान आहे” यावर एका काकूंनी विचारलं, “म्हणजे मध्ये बरी नव्हती का?” “भेटीत बोलू” हे आम्ही विषय संपवायला लिहिलं होतं, ते नऊ जणांनी आमंत्रण म्हणून घेतलं. त्यातले चौघे संध्याकाळी ठाण्याला पोचलेही, केळी आणि नारळ घेऊन. पण खरा घात “वर्षअखेरीस” या शब्दाने केला. तो माझा शब्द. निखिल “यथावकाश” म्हणत होता. मी म्हटलं, यथावकाश हे सरकारी उत्तरासारखं वाटतं, त्यात आनंद नाही. आता कळतंय की सरकारी भाषा उगाच तशी झालेली नाही.

शकूआत्या म्हणजे निखिलची सख्खी आत्या, राहणार मिरज. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लेखापाल होत्या. अशा बाईसमोर मी “अखेर” हा शब्द टाकला. मार्चअखेर, तिमाहीअखेर, महिनाअखेर यांवर ज्यांचा संसार उभा राहिला, त्यांना मी स्वतःहून अखेर दिली. ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे, हात जोडलेले, लाडू, पाळणे चालू असतानाच त्यांचा मेसेज आला:

“वर्षअखेर म्हणजे डिसेंबर. डिसेंबरातून नऊ गेले, मार्च. मार्चअखेर. पाडवा ३० तारखेला. पाडव्याला तुम्ही दोघं आमच्याकडे मुक्कामी होतात. माडीवरच्या खोलीत. आमच्या वास्तूचा गुण!!”

मी दोन मिनिटं फोनकडे बघत बसले. त्रेसष्ट माणसं. त्यात माझे सासरे.

इथे थोडं गणित सांगते, कारण सगळा घोळ त्यातच आहे. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटची पाळी सुरू झाली त्या दिवसापासून. त्या तारखेत सात दिवस आणि नऊ महिने मिळवायचे, की अपेक्षित तारीख येते. म्हणजे एक जानेवारी असेल तर आठ ऑक्टोबर. एकूण २८० दिवस. (हे फक्त उदाहरण. माझी तारीख मी तुम्हालाही सांगणार नाही.) त्यामुळे पहिले साधारण दोन आठवडे फुकटात जमेला धरलेले असतात, कारण तेव्हा गर्भ मुळात राहिलेलाच नसतो. आणि एवढं करून नेमक्या त्या तारखेला जन्मणारी मुलं शंभरात चार-पाचच. आत्यांनी उलटं चालत नऊ महिने वजा केले आणि मधले ते फुकटचे दोन आठवडे विसरल्या. म्हणजे त्यांचा ताळेबंद चुकलेला होता.

पण ती चूक दाखवायची कशी? “आत्या, तुमचा हिशेब चुकला” असं लिहायचं तर पुढचा प्रश्न “मग बरोबर काय?” हाच येणार. त्यांना खोटं पाडायचं तर मला माझ्या पाळीची तारीख त्रेसष्ट माणसांपुढे ठेवावी लागणार. गुपित राखायचं तर ते मिरजेच्या माडीवर घडलं असं मान्य करावं लागणार. वकिलांच्या भाषेत याला काय म्हणतात कोण जाणे, आमच्याकडे याला इकडे आड तिकडे विहीर म्हणतात.

आणि ती माडी! पाडव्याच्या रात्री त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय ज्वारीची दोन पोती होती, घुर्र करणारा इन्व्हर्टर होता, आणि आमच्या दोघांच्या मधोमध आत्यांचा सहा वर्षांचा नातू होता, कारण त्याला “दादावहिनीजवळच” झोपायचं होतं. निखिलला श्रीखंड बाधल्यामुळे तो रात्री दोनदा खाली जाऊन सोडा पिऊन आला. पलंग म्हणजे दोन खाटा जोडलेल्या, मधल्या फटीत माझा खांदा. अशा ठिकाणी फक्त कंबर धरू शकते.

मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत तो बदलता येतो. मी “वर्षअखेरीस” खोडून “यथावकाश” करायला गेले तेव्हा सोळावं मिनिट लागलं होतं. तसाही काही उपयोग नव्हता. आत्यांनी त्याचा फोटो काढून “मिरजकर भगिनी मंडळ” ग्रुपवर टाकला होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“अगं, तू काही बोलली नाहीस ग्रुपवर. लाजलीस होय?”

“नाही आत्या, तसं नाही. तारखेचं आम्ही अजून कुणाला...”

“मी कुठे तारीख सांगितली? मी फक्त महिना काढला. तारीख तू सांग. पाळी कधीची होती?”

“आत्या, ते डॉक्टरांकडे आहे लिहिलेलं.”

“डॉक्टरांची पाळी नव्हे गं, तुझी विचारतेय.”

“डिसेंबर धरा तुम्ही.”

“धरलाच आहे. पण पंधरवडा कोणता? पहिला की दुसरा? दुसरा असेल तर धनुर्मास लागतो. थंडी मिरजेत जास्त. बाळंतिणीची खोली गच्चीकडची नको, माडीचीच देऊ. जिथे सुरुवात तिथेच...”

मी म्हटलं कुकर लावलाय. कुकर लावला नव्हता.

या कायम लक्षात राहणाऱ्या संवादानंतर निळ्या बुटाचं प्रकरण अगदीच किरकोळ वाटतं, तरी सांगते. कुणीतरी फोटो मोठा करून पाहिला आणि “निळा! म्हणजे मुलगा!” असं जाहीर केलं. आम्ही ज्या सेंटरमध्ये गेलो तिथे प्रत्येक भिंतीवर पाटी आहे की इथे गर्भलिंगनिदान होत नाही. कायदा १९९४चा आहे, प्रत्येक गरोदर बाईमागे डॉक्टरांना फॉर्म भरावा लागतो, नोंदी राखाव्या लागतात. डॉक्टरीणबाई पडदाही जपून वळवतात. आणि इकडे त्रेसष्ट माणसं बुटाच्या नाडीवरून निदान करतायत. डावा पाय आधी टाकते का बघा, आंबट खाते का बघा. यांच्याकडून कोण फॉर्म भरून घेणार?

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण एक प्रश्न अजून घशात अडकलाय. एका मावशींनी लिहिलं, “तीन महिने लपवून ठेवलंत, आम्ही काय परके?” त्यावर सतरा जणांचे अंगठे. बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारा एनटी स्कॅन अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधल्या मुदतीतच होतो, तो होईपर्यंत आम्ही थांबलो होतो. कारण मागच्या वर्षी थांबलो नव्हतो. तेव्हा सहाव्या आठवड्यातच मी चौघींना सांगितलं, फक्त चौघींना. आठव्या आठवड्यात सगळं संपलं. ते होतं, बऱ्याच जणींचं होतं, आणि होतं तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच होतं. डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावलं होतं. पण त्यानंतर महिनाभर मला फोन येत होते, “काय मग, कितवा लागला?” आणि प्रत्येकीला मला पहिल्यापासून सांगावं लागत होतं. चौघींना दिलेली बातमी चाळीस जणींकडे गेली होती. ती परत घ्यायला मात्र मी एकटीच होते. मावशींना काय उत्तर देणार? हसरा चेहरा पाठवला. त्यावर त्यांनी लिहिलं, “हे पहिलंच ना?” मी अजून एक हसरा चेहरा पाठवला.

असो. चहा घेऊन आले.

पूर्वीच्या बायका शहाण्या होत्या, त्यांनी यासाठी चोरओटी काढली होती. सुरुवातीच्या महिन्यांत, गवगवा न करता, घरातल्या दोन-चार बायकांनी गुपचूप ओटी भरायची. डोहाळजेवणाचा थाट, फुलांची वाडी, पेढा की बर्फी, ते सगळं सातव्या महिन्यात. तोवर पोट बोलकं होतं, मेसेजची गरजच पडत नाही. मला ही कल्पना एकदम आवडली. निखिलला म्हटलं, आपल्याकडेही अशी अक्कल होती बघ. त्याने तेच कौतुकाने आत्यांना फोनवर सांगितलं. काय दुर्बुद्धी झाली होती त्याला.

काल रात्री ग्रुपवर मेसेज आला. सोबत घराचा नकाशा, गाडी लावायची जागा आणि जेवणाचा बेत.

“येत्या रविवारी सकाळी ११ वाजता सूनबाईंची चोरओटी आमच्या मिरजेच्या राहत्या घरी, माडीवरच्या खोलीत. सर्व भगिनींनी अगत्य येणे. कृपया कुठे बोलू नये.”

खाली एकेचाळीस अंगठे. त्यातला एक निखिलचा.