कुळथाचा कट ओतून देण्याआधी

“कुळीथ, मटकी रात्रभर भिजवत बसायची काही गरज नाही. कुकरमध्ये घाला, पाव चमचा खायचा सोडा टाका, सहा शिट्ट्या करा, लोण्यासारखं शिजतं. शिजल्यावर वरचं पाणी मात्र ओतून द्या, कडधान्यातलं सगळं विष त्यात उतरलेलं असतं.”

कडधान्य शिजवण्याच्या या सल्ल्यातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. कुळथाचा अर्क त्या पाण्यात असतो. कोकणात त्याचं सार होतं, देशावर हुलग्याचं कढण होतं. कर्नाटकात तर हुरळी शिजवून, पाणी निथळून त्या पाण्याचंच बस्सारू करतात. तिथे दाणे बाजूला काढून कोरडी भाजी होते आणि जेवणाचा मान त्या पाण्याला मिळतो.

कच्च्या कुळथात त्रासदायक द्रव्यं असतात, हे खरं आहे. त्यातलं एक लेक्टिन इतकं ठळक आहे की रक्तपेढ्यांमध्ये ‘ए’ रक्तगटाचा उपप्रकार ओळखायला कुळथापासून काढलेलंच लेक्टिन वापरतात. पण लेक्टिन हे प्रथिन आहे, आणि खळखळून उकळल्यावर त्याची घडण मोडते. दाणे आणि पाणी एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. दाणे खाण्याजोगे झाले, तर पाणीही झालेलंच असतं. कुकर उघडल्यावर दिसणारा फेस प्रथिनांचा आणि सॅपोनिनचा असतो. तो काढला तर सार नितळ दिसतं, इतकंच.

पाणी ओतून देण्याचा सल्ला एका कडधान्याला खरोखर लागू पडतो, ते म्हणजे पूर्व विदर्भातली लाख. तिच्यातलं विषारी द्रव्य पाण्यात उतरतं आणि उकळून पूर्ण नष्ट होत नाही, म्हणून लाख भिजवून, उकळून ते पाणी टाकतात. कुळीथ-मटकीत ते द्रव्य नाही. ओतायचं असेल तर भिजवणीचं पाणी ओता. त्यात माती असते आणि पोटात वायू धरणाऱ्या साखरांचा काही भाग उतरलेला असतो. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र कट घेऊ नये, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं.

आता भिजवण्याचं. कुळथाची साल जाड असते आणि पाणी आत घ्यायला वेळ लावते. न भिजवलेला दाणा कुकरमध्ये टाकला, तर बाहेरचा थर मऊ होतो आणि आत पांढरा, खडूसारखा गाभा राहतो. रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास भिजलेला दाणा फुगून साधारण दुप्पट होतो आणि सगळीकडून सारखा शिजतो. मोड काढायचे नसतील तर लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून भिजवा आणि सकाळी धुऊन टाका. सालीचा ताठपणा कमी होतो. मोड आणायचे असतील तर मीठ घालू नका, दाणा रुजत नाही.

भिजवण्याचा आणखी एक उपयोग कुणी सांगत नाही. मटकीत काही दाणे कितीही वेळ पाण्यात ठेवले तरी तसेच राहतात; कुणी त्यांना कुचर म्हणतं, कुणी गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आत जातच नाही. भिजवलेल्या मटकीत ते बारीक आणि टणक असल्यामुळे लगेच कळतात आणि वेचता येतात. न भिजवता थेट कुकरला लावली, तर ते दाताखाली येईपर्यंत सापडत नाहीत.

सोड्याने कडधान्य लवकर मऊ होतं, यात खोटं काही नाही. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन अल्कलीत लवकर सुटतं. पण सोड्याने ‘बी-वन’ जीवनसत्त्व नष्ट होतं, साली सुटून तरंगतात आणि पाण्याला साबणासारखी चव येते. असा कट खरोखरच टाकावा लागतो! तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर दाणे शिजत नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्यातल्या कॅल्शियमने पेक्टिन घट्ट होतं. त्यावर उपाय म्हणजे पाणी आधी उकळून गार करा, तळाला बसलेला पांढरा थर राहू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर भिजवताना चिमूटभर सोडा घाला आणि दाणे स्वच्छ धुऊन मगच शिजवा.

सोड्याकडे हात जातो त्याचं कारण पुष्कळदा आंबट असतं. मी एकदा कुळीथ शिजतानाच चार आमसुलं टाकली. चाळीस मिनिटं झाली तरी दाणे करकरीत होते, आणि मी दुकानदाराला जुना माल दिला म्हणून बोलून आले. माल चांगला होता. आंबटात पेक्टिन सुटत नाही, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो नेहमी दाणे शिजल्यानंतर. वर्षभर दमट जागी पडलेले कुळीथ मात्र भिजवूनही कडकच राहतात. ते दळून पीठ करा, पिठल्याला चालतं.

“सहा शिट्ट्या” हे माप मला कधीच पटलं नाही. शिट्टी किती लवकर होते हे आचेवर आणि कुकरमधल्या पाण्यावर ठरतं. त्यातून कुळीथ आणि मटकी दोघांना एकच माप लावलं, तर एक तरी बिघडणारच. मोड आलेल्या मटकीला कुकर नकोच. झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटांत ती शिजते, कुकरमध्ये तिचा लगदा होतो.

कुळथासाठी मी असं करते. एक वाटी कुळीथ रात्रभर भिजवून, धुऊन, पाच वाट्या ताज्या पाण्यात, चमचाभर तेल घालून कुकरमध्ये घेते. कुकर अर्ध्याच्या वर भरत नाही, कारण फेस वर येऊन शिट्टी तुंबते. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पंचवीस मिनिटं. मग वाफ आपोआप जिरू देते. दाणा अंगठा आणि बोटात दाबला की चपटा व्हावा आणि आत पांढरा ठिपका दिसू नये. दिसला तर अजून दहा मिनिटं. तूरडाळीसारखं लोणी होणं कुळथाच्या स्वभावात नाही. साल थोडी चावावी लागते, म्हणून पूर्ण विरघळेपर्यंत शिजवत बसू नका.

चाळणीवर निथळलं की साधारण तीन वाट्या तपकिरी कट मिळतो. दाण्यांची उसळ. कटात दोन चमचे शिजलेले दाणे वाटून मिसळते, त्याने साराला अंग येतं. मग तीन आमसुलं, मीठ, ठेचलेली मिरची घालून एक उकळी, आणि वरून तुपात जिरं, हिंग, लसणाची फोडणी. नारळाचं दूध घालायचं असेल तर आच बंद केल्यावर, नाहीतर फुटतं. मटकीचा कट पातळ आणि सौम्य असतो. त्याचं नुसतं सार फिकं लागतं, पण मिसळीच्या रश्शात साध्या पाण्याऐवजी तो घाला.

फोडणी न दिलेला कट फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. गार झाल्यावर तो दाट होतो, गरम केला की पुन्हा सैल. आंबूस वास आला, बुडबुडे दिसले किंवा चमच्याला तार धरली, तर उकळून वाचवायला जाऊ नका, टाकून द्या. मोडाची मटकी फडक्यात चिकट लागली, तर तिलाही हेच लागू.