भाताचा डबा गोव्याहून दिल्लीला जात नाही

"प्रवासाला निघताना भात गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरा आणि झाकण घट्ट लावा, आतल्या वाफेने जंतू मरतात. वर लिंबू पिळा, दोन दिवस काही होत नाही. बिघडला तर वास येतोच, आणि शंका वाटली तर एक कढ आणला की झालं."

घरच्या ग्रुपवर हे पाठवणारी आमची मावशी. तिच्यावर राग नाही, कारण दोन वर्षांपूर्वी फोंड्याहून दिल्लीच्या लग्नाला निघालो तेव्हा मीही असाच डबा भरला होता. सकाळी दहाला फोडणीचा भात झाला, लगेच भरला, वर लिंबू पिळलं. दुपारी मडगावला गोवा एक्सप्रेसमध्ये चढलो. डबा उघडला तो बेळगाव मागे पडल्यावर, रात्री नऊला. वास छान मोहरीचा येत होता. पुणं यायच्या आत भात खाल्लेल्या तिघांना उलट्या सुरू झाल्या. ज्यांनी नुसत्या पुऱ्या खाल्ल्या ते दोघे पाणी आणायला धावत होते.

आता वाफेचं बघू. तांदळावर बॅसिलस सेरेयस नावाचा जंतू शेतातल्या मातीतूनच येतो, आणि तो बीजाणूच्या रूपात असतो. म्हणजे भोवती टणक कवच घेऊन झोपलेला. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, हे बीजाणू उरतात. भात थंडावत साधारण 50 अंशांच्या खाली आला की ते जागे होतात आणि वाढू लागतात. गच्च भरलेल्या डब्यात नेमकं काय होतं? कडेचा भात निवतो, पण मधला गोळा तास न् तास कोमट राहतो. वाफ जंतू मारत नाही, ती झाकणाला आतून लागून थेंब होऊन परत भातावर पडते. ऊब आणि ओल दोन्ही आपणच पुरवतो. डब्याच्या पोटाला हात लावल्यावर तो छान कोमट लागत असेल तर समाधान मानू नका, जंतूंना आवडणारं तापमान तेच. अनुकूल उबेत तो अर्ध्या तासात दुप्पट होतो असं धरलं, तर दहा तासांत वीस वेळा दुप्पट, म्हणजे दहा लाखपट. आमचा डबा अकरा तास बंद होता.

भात न्यायचाच असेल तर उलटं करावं लागतं. मोठ्या ताटात बोटभर जाडीचा पसरायचा, पंख्याखाली पूर्ण गार करायचा, मग भरायचा. पण एवढं करूनही फ्रिजबाहेरची मुदत वाढत नाही. शिजल्यापासून दोन तास हा जगभर वापरला जाणारा नियम, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तो एक तासच धरावा. मडगाव स्टेशन गाठेपर्यंतच तो संपतो. एसीचा डबा म्हणजे फ्रिज नव्हे, बरं का. पंचवीस अंशांत अंगावर शाल घ्यावी लागते, पण जंतूंना ते पुरेसं उबदार असतं.

लिंबाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तोच जास्त फसवतो. आंबटपणाने जंतू अडतात, खरंच. आपलं बालचांव टिकतं ते सुंगटं व्हिनेगरच्या मसाल्यात पूर्ण मुरलेली असतात आणि वर तेलाचा थर असतो म्हणून. वरून एक लिंबू पिळलेला चार वाट्या भात म्हणजे काही लोणचं नव्हे. वरच्या शितांना आंबट चव आली तरी आतला गोळा जवळजवळ तसाच राहतो. आमसुलाचे दोन तुकडे वर ठेवणं हेही त्याच जातीचं. दहीभाताचंही तेच, दही घालण्याआधी भात किती वेळ कोमट पडला होता ते दही विचारत नाही.

वासावर मात्र जरा थांबायला हवं, कारण आपल्या स्वयंपाकघरात नाक हाच शेवटचा न्यायाधीश असतो. आंबूस वास येणं, भात चिकट होऊन तार सुटणं, ही बिघडल्याची खरी खूण आहे आणि असं दिसलं की फेकायचंच. पण हा वास आणि तार बहुतेकदा दुसऱ्याच जंतूंची करामत असते. सेरेयसचं उलटी घडवणारं विष बिनवासाचं, बेचव आणि डोळ्यांना न दिसणारं. त्याची ओळख पोटातच होते, खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत. त्यामुळे वास आला तर फेका, पण वास नाही म्हणून खाऊ नका.

आणि कढ आणण्याने ते विष जात नाही. जंतू मरतो, त्याने आधीच भातात सोडलेलं विष राहतं. कुकरच्या शिटीतलं 120 अंशांचं तापमानही ते सहज सोसतं. गाडीत गरम पाणी ओतून भात ऊनऊन करणं म्हणजे विष गरम करून वाढणं.

मग न्यायचं काय? परतीच्या प्रवासाला, दिल्लीच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, मी एकच प्रश्न विचारत गेले: यात पाणी किती? भाजी, भात, आमटी, ओलं खोबरं, उकडलेला बटाटा, सगळं बाद. तिखटमिठाच्या पुऱ्या खरपूस तळल्या, कागदावर पसरून पूर्ण गार केल्या आणि मगच डब्यात भरल्या. गरम भरल्या असत्या तर झाकणाखालच्या थेंबांनी दुसऱ्या दिवशी बुरशी धरली असती. त्या दोन दिवस चालल्या. साध्या पोळ्या पहिल्या दिवसापुरत्याच केल्या. त्यांत ओल जास्त असते. सोबत सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, कोरडी भाजलेली. ती आठवडाभर राहते, पण ओल्या चमच्याने घेतली की तिचाही भरवसा नाही. पुऱ्या हाताने न उचलता चिमट्याने काढायच्या, कारण हातावरचा एक जंतू, स्टॅफिलोकोकस, मीठ-तेलाला दबत नाही आणि त्याचंही विष उकळून जात नाही. बोटाला कापलेलं असेल तर स्वयंपाक दुसऱ्याने करावा.

एक गरम पदार्थ मात्र नेला, खतखतं. फ्लास्कमध्ये आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवलं, ते ओतून टाकलं आणि चुलीवरून उतरवल्या उतरवल्या उकळतं खतखतं काठोकाठ भरलं. 60 अंशांच्या वर राहील तोवरच ते सुरक्षित असतं. चांगल्या फ्लास्कमध्ये ते चार-पाच तास धरायचं, त्यापुढे नाही. म्हणून गाडी सुटल्यावर तीन तासांत आम्ही ते संपवलं. वाढताना जीभ भाजली पाहिजे, नुसतं कोमट असेल तर ते टाकायचं, असं मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. थोरल्याने पहिला घास घेतला आणि "आई गं!" म्हणून ओरडला.

पुढचे जेवण पुऱ्या आणि चटणीवर झालं, वर स्टेशनवरची केळी, सोलूनच खायची म्हणून. मडगावला उतरलो तेव्हा डब्यात चार पुऱ्या उरल्या होत्या. त्या मी घरी नेल्या नाहीत.